दप्तर मशीनमध्ये टाकण्याआधी: काय करावे, काय टाळावे

धुतल्यामुळे दप्तराची चेन गेली, अस्तर सुटले, असे घरोघरी ऐकू येते. नवी मुंबईत राहून मी मुलांची दप्तरे, डब्याच्या पिशव्या आणि बाटल्यांची कव्हरे गेली काही वर्षे मशीनमध्ये धुते आहे. साबण आणि पाणी या वस्तूंचे फारसे वाईट करत नाहीत, हे मला त्यातून कळले. नुकसान होते ते दोन वेळांना. एक, मशीन जोरात पिळायला लागते तेव्हा. दुसरी, धुतलेली वस्तू दोन-तीन दिवस आतून ओली राहते तेव्हा. पुढच्या यादीतले बहुतेक मुद्दे या दोन वेळांभोवतीच फिरतात.

आधी कापड ओळखा

करावे: दप्तर आतून बाहेरून हाताने चाचपून पाहा. बाजारातली बहुतेक शाळेची दप्तरे पॉलिएस्टरची असतात. कापडाच्या आतल्या अंगाला पावसाचे पाणी अडवणारा एक पातळ लेप असतो. पाठीच्या बाजूला आणि पट्ट्यांत फोम असतो, आणि सगळ्यांत आत अस्तर. काही दप्तरांना अस्तर नसतेच, तिथे आत हात घातला की तो लेपच बोटांना लागतो. या लेपाची परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यातला कापडाचा भाग चिमटीत धरून अंगठ्याने दहा-बारा वेळा चोळा. काही झाले नाही तर दप्तर मशीनमध्ये जाऊ शकते. बोटाला चिकटपणा जाणवला किंवा पांढरे-चंदेरी कण सुटले, तर लेप आधीच मेलेला आहे. असे दप्तर मशीनमध्ये टाकले तर त्याचे पापुद्रे सगळ्या कपड्यांना चिकटतात आणि मशीनच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात.

हा लेप मरतो कसा, हे आपल्या शहरात राहणाऱ्याने समजून घ्यायला हवे. पॉलियुरेथेनच्या लेपावर हवेतला ओलावा सतत काम करत असतो. त्याच्या साखळ्या पाण्याने हळूहळू तुटत जातात आणि उष्णता असेल तर हे आणखी भराभर घडते. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. मागच्या वर्षीचे दप्तर ‘नंतर कामाला येईल’ म्हणून आपण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकतो आणि दोन पावसाळ्यांनी ते चिकट होऊन बाहेर येते, ते यामुळेच. न धुताही ते खराब झालेले असते.

टाळावे: चाके असलेले ट्रॉली दप्तर, पुठ्ठ्याचा तळ असलेले, रेक्झिनचे, समोरच्या बाजूला कडक उठावदार चित्र असलेले किंवा दिवे लुकलुकणारे दप्तर मशीनमध्ये घालू नये. पुठ्ठा पाण्याने फुगतो आणि पुन्हा कधीच सपाट होत नाही. तळाशी बोटाने टिचकी मारा. प्लास्टिकचा आवाज टणक येतो, पुठ्ठ्याचा बद्द येतो. तळाची फळी सुटी निघत असेल तर काढून बाकीचे दप्तर धुता येते. आतल्या शिवणीत छोटी पट्टी असते, तिच्यावर पाण्याच्या टबाच्या चित्रावर फुली असेल, तर ती फुली माझ्या किंवा कुणाच्याही अनुभवापेक्षा मोठी माना.

चेन: किती उघडी, किती बंद

वाशीला चेन दुरुस्त करणारे एक काका बसतात. मी पहिल्यांदा दप्तर घेऊन गेले तेव्हा नवी चेन बसवून द्या म्हणाले. त्यांनी चेन हातात घेतली, दोनदा पुढे-मागे केली आणि म्हणाले, ‘‘ताई, चेन चांगली आहे. रनर सैल झालाय.’’ पक्कडीने रनरच्या मागच्या बाजूला दोन्हीकडून हलकेच दाब दिला आणि चेन पुन्हा बसू लागली.

दप्तराच्या चेनचे दात म्हणजे नायलॉनच्या तारेचे वेटोळे असते. ते सहसा झिजत नाही. रनर मात्र धातूचा असतो, आणि ताणाने त्याचा जबडा किंचित उघडतो. मग तो पुढे सरकतो, पण मागे दात एकमेकांत अडकत नाहीत. चेन मागून उसवत जाते, हीच त्याची खूण. दप्तर कोंबून भरले की हा ताण रोजच येतो. महाराष्ट्र शासनाने २१ जुलै २०१५ च्या निर्णयात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे ठरवले, म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. ते मुलांच्या पाठीसाठी होते, पण एवढ्याच वजनाच्या दप्तराची चेनही टिकते.

करावे: धुण्याआधी चेनलगतचे अस्तराचे सुटलेले धागे कात्रीने कापा. मशीनमध्ये असा एक धागा रनरमध्ये शिरला की नंतर ओढताना अस्तरच फाटते. जुन्या टूथब्रशने दातांतली धूळ आणि पेन्सिलीचा चुरा कोरडाच झटका, ओला झाला की तो चिखलासारखा बसतो. मोठ्या कप्प्याला दोन रनर असतात, ते एकमेकांपासून चार बोटे दूर ठेवा. बाकी चेन बंद. लहान कप्प्यांच्या चेना दोन बोटे उघड्या. मग सगळे दप्तर मोठ्या जाळीच्या पिशवीत घाला. ती नसेल तर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड नाडीने बांधा.

चार बोटेच का? चेन पूर्ण उघडी ठेवली तर दोन्ही कडा ड्रममध्ये आपटतात, अस्तर बाहेर येऊन पिळले जाते. पूर्ण बंद ठेवली तर आत शिरलेले पाणी बाहेर येत नाही, आणि त्याचा धोका पुढे सांगते आहे.

टाळावे: चेन अडते म्हणून खोबरेल तेल लावणे. दोन दिवस ती लोण्यासारखी चालते, मग तेलात धूळ बसते आणि रनर आधीपेक्षा जास्त अडतो. त्याऐवजी दप्तर पूर्ण वाळल्यावर साध्या मेणबत्तीचा तुकडा दातांवरून एकदा फिरवा आणि रनर चार-पाच वेळा मागे-पुढे करा. खाडीकाठच्या घरांत रनरवर पांढरट भुकटी दिसते. ती खारट दमट हवेने धातूला चढलेली असते. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडे करा, मग मेण लावा.

पिळणे: सगळ्यात मोठा धोका

माझी एक चूक इथे सांगणे भाग आहे. मोठ्या मुलाचे दप्तर मी चेन नीट बंद करून वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये एकटेच टाकले आणि रोजचाच प्रोग्रॅम लावला. पिळणे सुरू झाले आणि मशीन जागेवरून सरकत बाथरूमच्या दारापर्यंत आली. मी प्लग काढला. झाकण उघडले तेव्हा दप्तर एका बाजूला पाण्याने टम्म फुगून बसले होते.

पाणी अडवणारा तोच लेप इथे उलटा फिरतो. धुण्याच्या अर्ध्या-पाऊण तासात शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी हळूहळू दप्तरात शिरते. पिळताना ते क्षणात बाहेर पडायला हवे असते, पण लेप त्याला अडवतो. सगळे पाणी ड्रमच्या एकाच बाजूला साठते. ड्रमची त्रिज्या पाव मीटर आणि वेग मिनिटाला ७०० फेरे धरले, तर दप्तरात अडकलेल्या दोन लिटर पाण्याचा भिंतीवरचा दाब सुमारे २७० किलो वजनाएवढा होतो. वेग ४०० फेऱ्यांवर आणला की तोच दाब साधारण ९० किलोवर येतो. आणि आधी पाणी ओतून टाकले तर प्रश्नच उरत नाही.

ही फक्त आपल्या घरातली गोष्ट नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत एका कंपनीने वरून उघडणाऱ्या सुमारे २८ लाख मशिनी परत बोलावल्या. अंथरुणे, जाडजूड वस्तू आणि पाणी न शोषणारे कपडे पिळताना ड्रमचा तोल जाऊन मशीनचा वरचा भाग निखळत होता. अनेक मशिनींच्या माहितीपुस्तिकेत पाणी न शिरणारे कपडे पिळू नका अशी सूचना असते. रेनकोटसाठी आपण ती कधीतरी वाचतो, दप्तरही त्याच जातीचे आहे हे लक्षात येत नाही.

करावे: हळुवार कपड्यांचा किंवा ‘हँड वॉश’ प्रोग्रॅम निवडा, पाणी थंड ठेवा आणि पिळणे बंद करा. बहुतेक मशिनींत ही सोय असते. धुऊन पाणी गेले की जाळी काढा, सगळ्या चेना पूर्ण उघडा आणि दप्तर बादलीवर उलटे धरा. पट्टे हाताने वरून खाली निथळवा. त्यानंतरही पिळायचेच असेल तर चेना उघड्या ठेवूनच जाळीत घाला आणि सगळ्यांत कमी वेगावर, दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. मी स्वतः आता मशीनमध्ये पिळतच नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून गुडघ्याने दाबले की जवळजवळ तेवढेच पाणी निघते.

तोल राखायला लव गळून गेलेले दोन जुने टॉवेल सोबत टाका. नवे टॉवेल नकोत, त्यांची लव वेल्क्रोत अडकते. वेल्क्रो आधी चिकटवून बंद करा. सात किलोच्या मशीनमध्ये एका वेळी दोनच दप्तरे, जास्त नाही.

टाळावे: सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या पिळण्याच्या छोट्या टबात दप्तर कोंबणे. तो टब अरुंद आणि वेगवान असतो. पाठीचा फोम एकदा तिथे दुमडला की त्याची घडी कायमची राहते. आणि ज्या मशीनमध्ये कपडे वाळवण्याचीही सोय आहे, तिथे तो पर्याय कधीही नको. उष्णतेने कापडाचा लेप, फोमला लावलेला डिंक आणि बाहेरचे चित्र अशी तीनही एकदम सुटतात.

साबण आणि डाग

करावे: पातळ साबण वापरा, दप्तर आणि डब्याची पिशवी मिळून अर्धे झाकण पुरते. थंड पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही, तिचे कण चेनच्या वेटोळ्यांत आणि पाइपिंगच्या शिवणीत बसतात आणि वाळल्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. महापालिकेच्या भागात मोरबे धरणाचे पाणी येते. ते मऊ आहे, त्यात थोड्याच साबणाला भरपूर फेस होतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत थोडा जास्त लागेल. शेवटच्या पाण्यात फेस दिसला तर एकदा आणखी खळबळून घ्या. फोममध्ये राहिलेला साबण उन्हाळ्यात घामाशी मिळून पाठीला खाज आणतो.

डब्याच्या पिशवीतल्या तेलाच्या डागावर भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब बोटाने चोळा, दहा मिनिटांनी धुवा. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो आणि पुष्कळजणी घाबरून आणखी घासतात. हळदीचा रंग क्षारात लाल होतो, एवढेच त्यात आहे. साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा होतो, आणि एक-दोन दिवसांच्या उन्हात फिका पडत जातो. उन्हाने हळद जाते, पण त्याच उन्हात बाटलीचे रबरी कव्हर ठेवायचे नाही, हे पुढे येते.

टाळावे: ब्लीच आणि कापड मऊ करणारे द्रव. ब्लीचने रबर आणि ताणणारे धागे कुजतात. मऊ करणारे द्रव कापडावर थर बसवते, आणि दप्तराचा पाऊस झटकून टाकण्याचा गुण कमी होतो. शाईच्या डागावर सॅनिटायझर कापसाने फक्त बाहेरच्या कापडावर लावा. चित्रावर किंवा आतल्या लेपावर नको, तो मऊ पडतो.

डब्याची पिशवी

डब्याची पिशवी दिसते साधी, पण घरातल्या या तीन वस्तूंपैकी सगळ्यांत नाजूक तीच. आत चंदेरी किंवा पांढरा चकाकता पडदा असतो, त्याच्यामागे पातळ फोम, मग बाहेरचे कापड. पडद्यातून पाणी जात नाही, पण तो शिवलेला असेल तर शिवणीच्या सुईच्या भोकांतून जाते. एकदा पाणी फोममध्ये गेले की पडदा त्याला बाहेर येऊ देत नाही. पिशवी वरून खडखडीत वाळलेली दिसते आणि आठवड्याने आंबट वास येऊ लागतो. लोक म्हणतात डबा सांडला असेल. बहुतेकदा ते मागच्या धुण्याचे पाणी असते.

करावे: रोज संध्याकाळी डबा काढल्यावर ओल्या फडक्याने आतून पुसा, झाकण उघडे ठेवून रात्रभर ओट्यापाशी उभी करा. एवढे केले तर मशीनचे धुणे महिन्यातून एकदा पुरते. मशीनमध्ये घालण्याआधी कोपऱ्यांच्या शिवणी बोटाने ताणून पाहा. भोके उघडी दिसली, पडद्याला चिरा दिसल्या, तर ही पिशवी यापुढे फक्त पुसायची. सगळे ठीक असेल तर जाळीत, थंड पाण्यात, पिळण्याशिवाय. वास राहिला असेल तर कोरड्या पिशवीत दोन चमचे खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका.

टाळावे: पिशवी आतून बाहेर उलटवून धुणे. कापडी वस्तूला ते चालते. इथे चंदेरी पडद्याला घडीच्या जागी चिरा पडतात, आणि एकदा चीर पडली की फोम आणि भाजीचा रस यांच्यामध्ये काहीच उरत नाही. गरम पाणीही नको. काही पिशव्यांत पडद्याचे जोड उष्णतेने चिकटवलेले असतात, ते त्याच उष्णतेने सुटायला लागतात.

बाटलीचे कव्हर

कव्हरे दोन प्रकारची असतात. चंदेरी अस्तर असलेले कव्हर म्हणजे लांबट डब्याची पिशवीच, त्याला वरचेच नियम. दुसरे मऊ, दाबले की परत फुगणारे, पाणबुड्यांच्या पोशाखासारख्या फेसाळ रबराचे. त्याला निओप्रीन म्हणतात.

करावे: निओप्रीनचे कव्हर आतून बाहेर करून धुवा, कारण बाटलीवरचा ओलावा आणि सगळा वास आतल्या बाजूला असतो. पट्ट्याचा धातूचा हूक एका जुन्या मोज्यात गुंडाळून रबरबँड लावा, नाहीतर तो इतर वस्तूंना ओरबाडतो. धुतल्यावर आधी आतली बाजू बाहेर ठेवूनच वाळवा, ती कोरडी झाली की उलटवून बाहेरची. सावलीत, आडवे ठेवून.

टाळावे: उन्हात टांगणे. उन्हाने या रबराला कडकपणा येतो आणि घडीच्या जागी बारीक भेगा दिसू लागतात. पिळणे किंवा मुरगळणेही नको, कापड रबरापासून सुटून फुगे येतात.

कधी धुवावे

दप्तर वर्षात दोनदा मशीनमध्ये जावे, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. १५ जूनच्या आसपास शाळा सुरू होतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात धुतले तर उन्हाचे चार दिवस हाती असतात. पावसाळ्यात मोठे दप्तर मी शक्यतो धुतच नाही. ओल्या फडक्याने पुसते आणि पंख्याखाली उघडे ठेवते. चिखल फार झाला, आत डबा सांडला, तरच शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे सोमवारपर्यंत दोन दिवस मिळतात.

करावे: दप्तर उलटे टांगा, तळ वर आणि सगळ्या चेना उघड्या, दोन्ही कोपरे चिमट्यांनी दोरीला. सरळ टांगले तर पाणी तळाच्या फोममध्ये आणि कोपऱ्यांत साचते. निथळून झाले की पंख्यासमोर आणा. एसी असेल तर ‘ड्राय’ मोडवर दोन-तीन तास त्याच खोलीत ठेवा, हवेतला ओलावा कमी होतो आणि हे पंख्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

टाळावे: आत वर्तमानपत्र कोंबणे. शाई फिकट अस्तराला लागते. जुना सुती पंचा किंवा टॉवेल घाला आणि दर दोन तासांनी बदला. ओले दप्तर बंद बाल्कनीत कपड्यांच्या गर्दीत लटकवून ठेवू नका. अस्तरावर काळे ठिपके आले तर ती बुरशी आहे, आणि तो रंग मशीनने निघत नाही. कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, मग धुवा. वास जाईल, ठिपके बहुधा राहतील.

वाळले की नाही, हे कसे कळावे

हाताला कोरडे लागणे पुरेसे नाही. त्यासाठी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. धुण्याआधी रिकामी, कोरडी वस्तू तोलून आकडा लिहून ठेवायचा. वजन त्या आकड्याच्या पाच-दहा ग्रॅम जवळ आले की ती वाळली.

गेल्या सप्टेंबरमधला एक शनिवार-रविवार सांगते. मुलीच्या दप्तरात बाटली फुटून सरबत सांडले होते, म्हणून पावसातच धुवावे लागले. कोरडे दप्तर ६८० ग्रॅम, डब्याची पिशवी १९०, बाटलीचे कव्हर ८०. शुक्रवारी सहा वाजता तिन्ही धुऊन काढली. बादलीवर निथळल्यावर दप्तर १,२६० ग्रॅम भरले, टॉवेलात दाबल्यावर १,०५०. रात्रभर पंख्याखाली उलटे टांगून शनिवारी सकाळी ७६०. इथे ते हाताला कोरडे लागत होते, आणि काटा नसता तर मी वह्या-पुस्तके भरली असती. उरलेले ऐंशी ग्रॅम पाठीच्या फोममध्ये होते. एसीच्या खोलीत ठेवल्यावर शनिवारी रात्री ७०५, रविवारी दुपारी ६८५. कव्हर शनिवारी सकाळीच ८२ वर आले होते.

डब्याची पिशवी मात्र शनिवारी दुपारी २१५ वर आली आणि तिथेच थांबली. रविवारीही २१५. वरून पूर्ण कोरडी. मी ती तळव्यांत धरून कोपऱ्या-कोपऱ्याने दाबत गेले. तिसऱ्या कोपऱ्यात शिवणीतून पाण्याचे बारीक थेंब आले. पडदा तिथे सुईच्या भोकांपाशी ताणला गेला होता. तो कोपरा खाली येईल अशी पिशवी पंख्यासमोर तिरपी टांगली, अधूनमधून दाबत राहिले आणि सोमवारी संध्याकाळी ती १९२ वर आली. सोमवारी मुलीने स्टीलचा डबा कापडी पिशवीतून नेला. ती डब्याची पिशवी अजून वापरात आहे. त्या कोपऱ्यावर आतून पेनाने एक खूण केली आहे, आणि तेव्हापासून ती मशीनमध्ये जात नाही, फक्त पुसली जाते.